सात वाक्ये, सतरा ओळी

परिच्छेदासारखे लिहिलेले दरपत्रक म्हणजे वस्तूचे नाव, तिची मापे आणि भाव एका दमात सांगणारा मजकूर. घरगुती मसाले, लोणची, पापड किंवा दिवाळीचा फराळ विकणाऱ्यांची दरपत्रके बहुधा अशीच असतात. ती व्हॉट्सॲपवर पाठवायची असतात आणि लिहिणाऱ्याच्या मनात दुकानात तोंडी भाव सांगण्याचीच लय असते: मसाला पाव किलो इतक्याला, अर्धा इतक्याला, किलो घेतला तर इतक्याला. गिऱ्हाईक ते वाचते, हवे ते मागवते आणि काम भागते. अडचण येते ती हाच माल बिलाच्या सॉफ्टवेअरमध्ये चढवायचा असेल, ऑनलाइन दुकानात मांडायचा असेल किंवा एखाद्या वितरकाला यादी द्यायची असेल तेव्हा. तिथे परिच्छेद चालत नाही. तिथे तक्ता मागतात, आणि त्या तक्त्यात प्रत्येक वस्तूच्या प्रत्येक मापाला स्वतंत्र ओळ लागते.

हे रूपांतर वरवर टंकलेखनाचे काम वाटते. प्रत्यक्षात ते वाचनाचे काम आहे. परिच्छेदात जे लिहिलेले नसते पण वाचणाऱ्याला कळते, ते सगळे तक्त्यात लिहून काढावे लागते. पुढे उदाहरणासाठी एका घरगुती उद्योगाच्या दरपत्रकाचा नमुना घेतला आहे. तो रचलेला आहे, पण त्यातली प्रत्येक खोड खऱ्या दरपत्रकांत नेहमी दिसणारी आहे.

> कांदा-लसूण मसाला पाव किलो १७०/-, अर्धा ३३०/-, १ किलो ६४०/-. गोडा मसाला १०० ग्रॅम ९०/-, पाव किलो २१०/-, अर्धा किलो ४४०/-. थालीपीठ व चकली भाजणी अर्धा किलो १२०/-, १ किलो २३०/-. कैरीचे लोणचे २५० व ५०० ग्रॅम बरणी ११०/२००, लिंबाचे तेवढ्याच बरणीत १० रु. जास्त. उडीद पापड (साधे/मिरी) २०० ग्रॅम ७०/-, ५ पाकिटे घेतल्यास ३२५/-. सांडगी मिरची पाव किलो १५० पासून. १ किलोवर कुरिअर मोफत.

पहिला प्रश्न असा की तक्त्याची एक ओळ म्हणजे नेमके काय. ‘कांदा-लसूण मसाला’ ही विकत घेण्याची वस्तू नव्हे. ते एका पदार्थाचे नाव आहे. विकत घेतले जाते ते त्याचे पाव किलोचे पाकीट. फळीवरून उचलले जाते, बिलावर लिहिले जाते, साठ्यातून वजा होते तेही पाकीटच. म्हणून तक्त्याची ओळ पदार्थाची नसते, पाकिटाची असते. बारकोडचा नियमही हेच सांगतो. जीएसवन या संस्थेच्या पद्धतीत निव्वळ वजन बदलले की क्रमांक बदलतो. भारतातल्या जीएसवनने दिलेले क्रमांक ८९० ने सुरू होतात, आणि त्याच मसाल्याच्या पाव किलोच्या व अर्ध्या किलोच्या पाकिटावर दोन वेगळे क्रमांक छापावे लागतात. ज्याला स्वतंत्र बारकोड मिळू शकतो त्याला स्वतंत्र ओळ, ही कसोटी सहसा चुकत नाही.

तरीही तक्ता करायला बसलेला माणूस आधी वेगळाच तक्ता काढतो. डावीकडे पदार्थांची नावे, वर १०० ग्रॅम, २५० ग्रॅम, ५०० ग्रॅम, १ किलो असे रकाने आणि मधल्या चौकटींत भाव. भिंतीवर लावायला हा आडवा तक्ता छान असतो. एका नजरेत सगळे दिसते. पण तो साठवण्याच्या कामाचा नसतो. पहिली गोष्ट, त्यात रिकाम्या चौकटी राहतात आणि रिकामेपणाचा अर्थ लागत नाही. गोडा मसाला किलोच्या पाकिटात मिळतच नाही, की सध्या संपला आहे, की भाव लिहायचा राहिला? दुसरी गोष्ट, पापडाचे पाकीट २०० ग्रॅमचे आहे, म्हणजे एका पापडासाठी नवा रकाना उघडावा लागतो आणि बाकी सगळ्यांच्या नशिबी आणखी एक रिकामी चौकट येते. आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे पाकिटाबद्दल भावाखेरीज दुसरे काही सांगायला जागाच उरत नाही. त्याचा बारकोड, शिल्लक नग, फोटो, सांकेतिक क्रमांक कुठे लिहायचा? चौकट एकच असते आणि ती भावाने भरलेली असते. उभ्या तक्त्यात, म्हणजे एका मापाला एक ओळ दिली की, या सगळ्यांसाठी हवे तितके रकाने जोडता येतात. उभ्या तक्त्यावरून आडवा तक्ता स्प्रेडशीटच्या पिव्होट सोयीने मिनिटभरात काढता येतो. त्यामुळे उभा ठेवून आडवा छापायचा, हा क्रम बरा.

आता मजकूर फोडायचा. यादी मोठी असली की हे काम यंत्राकडून करून घेण्याचा मोह होतो: पूर्णविराम आला की नवी ओळ, स्वल्पविराम आला की नवी चौकट. गूगल शीट्समध्ये `=SPLIT(A2,",")` असे लिहिले की स्वल्पविरामांवर मजकूर तुटतो, एक्सेलमध्ये ‘टेक्स्ट टू कॉलम्स’ तेच करते. पण वरच्या नमुन्यात वाक्ये सात असताना पूर्णविराम आठ आहेत, कारण ‘रु.’ मधला टिंब विरामच आहे असे यंत्राला वाटते. लोणच्याचे वाक्य ‘१० रु’ वर कापले जाते आणि ‘जास्त’ हा शब्द एकटाच पुढच्या ओळीत जाऊन पडतो. ‘ग्रॅ.’, ‘कि.’, ‘लि.’ असे संक्षेप असलेल्या यादीची तर चाळणच होते. स्वल्पविरामाचेही तेच. एखाद्या भारी वस्तूचा भाव १,२५० असा लिहिलेला असेल तर त्याचे १ आणि २५० असे दोन भाव होतात, आणि दोन्ही दिसायला अगदी खरे वाटतात.

तिरप्या रेघेची गंमत तर पाहण्यासारखी आहे. या एका यादीत ती तीन अर्थांनी आली आहे. ‘१७०/-’ मध्ये ती फक्त रक्कम संपल्याची खूण आहे. ‘११०/२००’ मध्ये ती ‘अनुक्रमे’ असे सांगते, पहिल्या बरणीला पहिला भाव, दुसरीला दुसरा. ‘साधे/मिरी’ मध्ये तिचा अर्थ ‘किंवा’. वाचणाऱ्याला हा फरक जाणवतही नाही. फोडणाऱ्याला मात्र प्रत्येक रेघेपाशी थांबावे लागते. म्हणून यादी शेपन्नास पाकिटांची असेल तर ती हातानेच फोडलेली बरी. यंत्राने फोडली तर आधी संक्षेपांतले टिंब आणि रकमेनंतरचे ‘/-’ काढून घ्यावे आणि मगच सुरी चालवावी.

वाक्यावाक्याने पाहता पहिल्या वाक्यात एक शब्द गाळलेला आहे. ‘अर्धा ३३०’ म्हणजे अर्धा काय? किलो, हे उघड आहे, कारण आधी ‘पाव किलो’ येऊन गेले आहे. बोलताना आधीचा शब्द पुढे वाहत येतो. तक्त्यात तो वाहत नाही, कारण तक्त्यातल्या ओळींना ठरलेली जागा नसते. कोणी त्या भावाच्या क्रमाने लावील, कोणी नावाच्या. त्यामुळे प्रत्येक ओळीला एकटे उभे राहता आले पाहिजे. पदार्थाचे नावही तीनदा लिहावे लागते, किलोही तीनदा. दुसरे वाक्य सरळ आहे, त्याच्या तीन ओळी बिनतक्रार होतात.

तिसऱ्या वाक्यातले ‘व’ मात्र फसवे आहे. थालीपीठ व चकली भाजणी म्हणजे दोन वेगळी पिठे, दोन्हींचा भाव सारखा, असा अर्थ घेतला तर चार ओळी होतात. पण काही घरांत एकच भाजणी दोन्हीकडे चालवतात. तसे असेल तर पदार्थ एकच आणि ओळी दोन. मजकुरावरून याचा निकाल लागत नाही. तो पीठ दळणाऱ्याला विचारूनच लागतो. इथे दोन वेगळी पिठे आहेत असे धरले आहे.

चौथे वाक्य सगळ्यांत दाट आहे. कैरीच्या लोणच्यात मापे आधी आणि भाव नंतर अशी जोडी लावायची आहे: २५० ला ११०, ५०० ला २००. लिंबाच्या लोणच्याचा तर भावच दिलेला नाही, फक्त फरक दिला आहे, आणि मापासाठी ‘तेवढ्याच’ हा शब्द. तक्त्यात फरक लिहून चालत नाही, बेरीज करून रक्कम लिहावी लागते: १२० आणि २१०. पण दहा रुपये दर बरणीमागे सारखेच वाढतात, की लहान बरणीला दहा आणि मोठीला वीस, ही शंका इथे राहतेच. वाक्याचा सरळ अर्थ पहिला आहे, म्हणून तो घ्यायचा आणि शेऱ्यात नोंद करायची. अशी बेरीज केलेली किंमत पुढे एक सापळाही होऊ शकते. कैरीच्या लोणच्याचा भाव बदलला की परिच्छेदात लिंबाचा आपोआप बदलत असे. तक्त्यात तो वेगळा बदलावा लागतो.

पापडाच्या वाक्यात दोन निर्णय आहेत. साधे आणि मिरी ही मापे नव्हेत, चवी आहेत. पण फळीवर दोन वेगळी पाकिटे असतात, तेव्हा ओळीही दोन. ‘प्रकार’ नावाचा एक रकाना त्यासाठी ठेवावा लागतो. दुसरा निर्णय ‘५ पाकिटे ३२५’ चा. पाच पाकिटांचे ३५० होतात, म्हणजे पंचवीस रुपयांची सूट. ही वेगळी ओळ म्हणायची का? पाच पाकिटे एका पिशवीत बांधून, तिच्यावर वेगळी चिठ्ठी लावून विकत असतील तर ती एक वस्तू आहे आणि तिला ओळ हवी. पण गिऱ्हाइकाने तीन साधी आणि दोन मिरीची घेतली तरी सूट मिळत असेल, तर ती वस्तू नसून योजना आहे. योजनेला तक्त्यात ओळ दिली की साठ्याचा हिशेब बिघडतो: एक ‘पाच पाकिटांची’ ओळ विकली गेली तरी सुटी पाकिटे कागदावर तितकीच राहतात. इथे ती योजना समजून बाजूला काढली आहे.

सांडगी मिरचीचा भाव ‘१५० पासून’ आहे. तो भाव नव्हे, भावाची सुरुवात आहे. किंमतीच्या रकान्यात १५० लिहिले तर बिलात तेवढेच लागेल. तिथे जागा रिकामी ठेवून शेऱ्यात ‘१५० पासून, विचारणे’ असे लिहिणे हाच प्रामाणिक मार्ग. शेवटचे कुरिअरचे वाक्य तर वस्तूचे नाहीच. त्यात आकडा आणि किलो दोन्ही असल्यामुळे यंत्राने फोडताना त्याचीही एक ओळ होते आणि ‘कुरिअर’ नावाचा पदार्थ यादीत जाऊन बसतो.

हे सारे केल्यावर तक्ता असा दिसतो.

| संकेत | पदार्थ | प्रकार | वजन (ग्रॅम) | वेष्टन | किंमत (रु.) | शेरा |
|---|---|---|---|---|---|---|
| KLM-250 | कांदा-लसूण मसाला | – | २५० | पाकीट | १७० | |
| KLM-500 | कांदा-लसूण मसाला | – | ५०० | पाकीट | ३३० | |
| KLM-1000 | कांदा-लसूण मसाला | – | १००० | पाकीट | ६४० | |
| GDM-100 | गोडा मसाला | – | १०० | पाकीट | ९० | |
| GDM-250 | गोडा मसाला | – | २५० | पाकीट | २१० | |
| GDM-500 | गोडा मसाला | – | ५०० | पाकीट | ४४० | तपासणे |
| THB-500 | भाजणी | थालीपीठ | ५०० | पाकीट | १२० | |
| THB-1000 | भाजणी | थालीपीठ | १००० | पाकीट | २३० | |
| CHB-500 | भाजणी | चकली | ५०० | पाकीट | १२० | |
| CHB-1000 | भाजणी | चकली | १००० | पाकीट | २३० | |
| KLO-250 | लोणचे | कैरी | २५० | बरणी | ११० | |
| KLO-500 | लोणचे | कैरी | ५०० | बरणी | २०० | |
| LLO-250 | लोणचे | लिंबू | २५० | बरणी | १२० | बेरीज करून |
| LLO-500 | लोणचे | लिंबू | ५०० | बरणी | २१० | बेरीज करून |
| UPS-200 | उडीद पापड | साधे | २०० | पाकीट | ७० | |
| UPM-200 | उडीद पापड | मिरी | २०० | पाकीट | ७० | |
| SGM-250 | सांडगी मिरची | – | २५० | पाकीट | | १५० पासून, विचारणे |

मसाले, भाजणी आणि मिरची पाकिटात असतात असे मूळ मजकुरात कुठेच म्हटलेले नाही. तेही विचारून भरलेले आहे. यादी लिहिणाऱ्याला ते सांगण्याची गरज वाटत नाही, कारण त्याच्या डोळ्यांसमोर पाकीट असतेच.

वजनाच्या रकान्यात ‘पाव’, ‘अर्धा’ यांच्या जागी २५० आणि ५०० आले आहेत, हा बदल दिसतो त्याहून मोठा आहे. मराठीत मापाचे शब्द भरपूर आहेत: पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच, साडेतीन. यंत्राला त्यांतला एकही कळत नाही. वर्णक्रमाने लावले तर ‘अडीच’ आणि ‘अर्धा’ शेजारी येतात आणि ‘दीड’ त्यांच्या खाली जातो. काही जुन्या यादीत ‘पावशेर’ही आढळतो. शेर सुमारे ९३३ ग्रॅमचा होता. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापे आली आणि शेर हळूहळू व्यवहारातून गेला, पण शब्द राहिला. आज बाजारात पावशेर म्हणजे २५० ग्रॅमच समजतात, जुन्या हिशेबाने येणारे २३३ नव्हे. म्हणून तक्त्यात एकच एकक ठरवून सगळी मापे त्यात उतरवतात. यादीत कोकमाचे आगळ असते तर मात्र मिलिलिटर लागले असते. तेव्हा ते ग्रॅममध्ये बदलायला जाऊ नये. संख्या एका रकान्यात आणि एकक शेजारच्या रकान्यात लिहावे.

छापील मासिकात हे आकडे देवनागरीत शोभतात. स्प्रेडशीटमध्ये मात्र ते इंग्रजी अंकांत टंकलेले बरे, कारण देवनागरी अंक पुष्कळदा अक्षरे समजले जातात आणि त्यांची बेरीज होत नाही. हे ओळखण्याची सोपी खूण आहे: संख्या चौकटीत उजवीकडे चिकटते, अक्षरे डावीकडे. रकान्यात काही आकडे उजवीकडे आणि काही डावीकडे दिसले, तर डावीकडचे संख्या नव्हेत. त्यांच्यात देवनागरी अंक असतील, शेवटी ‘/-’ राहिले असेल किंवा आधी एखादी मोकळी जागा आली असेल.

अर्ध्या किलोसाठी ‘1/2’ असे टंकले तर आणखी एक चमत्कार होतो. एक्सेल त्याला तारीख समजते आणि चौकटीत जानेवारीची किंवा फेब्रुवारीची एक तारीख उमटते. ही खोड इतकी जुनी आणि चिवट आहे, की मानवी जनुकांची अधिकृत नावे ठरवणाऱ्या समितीने २०२० मध्ये काही जनुकांची नावेच बदलली. ‘SEPT1’ चे ‘SEPTIN1’ केले, म्हणजे एक्सेलला त्यात सप्टेंबर दिसू नये. बारकोडच्या तेरा अंकांचेही असेच हाल होतात. ते `8.9E+12` अशा रूपात आक्रसतात. त्यावर उपाय म्हणजे टंकण्याआधीच त्या रकान्याचे स्वरूप ‘टेक्स्ट’ करून ठेवणे. नंतर बदलून उपयोग होत नाही, कारण तोवर तारीख झालेली असते.

पदार्थाचे नाव प्रत्येक ओळीत पुन्हा लिहायला अनेकांचा हात धजत नाही. एकदा लिहून खाली दोन चौकटी मोकळ्या सोडणे, वरीलप्रमाणे म्हणून दोन रेघा काढणे किंवा तीन चौकटी जोडून मधोमध नाव लिहिणे डोळ्यांना नीटनेटके वाटते. पण असा तक्ता एकदा भावाप्रमाणे लावला की बिननावाची पाकिटे यादीभर विखुरतात आणि ती कोणाची हे सांगता येत नाही. १९७० मध्ये आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी माहिती तक्त्यांत साठवण्याची जी पद्धत मांडली, तिचा पाया हाच होता: एका चौकटीत एकच साधी किंमत असावी आणि ओळींच्या क्रमाला काही अर्थ नसावा. क्रमाला अर्थ नाही म्हटले की ‘वरीलप्रमाणे’ला जागा उरत नाही.

मोकळ्या चौकटींचा तक्ता हाती आला तरी तो दुरुस्त करता येतो. एक्सेलमध्ये आधी जोडलेल्या चौकटी सुट्या करायच्या. मग तो रकाना निवडून F5 दाबायचे, ‘स्पेशल’मधून ‘ब्लँक्स’ निवडायचे, ‘=’ टंकून वरच्या बाणाची कळ दाबायची आणि Ctrl व Enter एकत्र दाबायचे. प्रत्येक मोकळ्या चौकटीत तिच्या वरचे नाव उतरते. त्यानंतर तो रकाना कॉपी करून ‘पेस्ट व्हॅल्यूज’ करायला विसरू नये. नाहीतर चौकटींत नाव नसते, वरच्या चौकटीकडे बोट दाखवणारे सूत्र असते, आणि क्रम बदलताच ते भलतीकडेच बोट दाखवते.

संकेताचा रकाना पुढे सगळ्यांत उपयोगी पडतो, कारण बिल, साठा आणि फोटो यांना जोडणारा धागा तोच असतो. त्यात पदार्थाची खूण आणि वजन असले तरी चालते, किंमत मात्र कधीही नसावी. किंमत बदलते आणि संकेत बदलायचा नसतो.

तक्ता झाल्यावर तो बरोबर आहे हे कसे कळावे? पहिली तपासणी मोजणीची. नमुन्यात रुपयांचे आकडे चौदा आहेत: मसाल्यांचे सहा, भाजणीचे दोन, कैरीच्या लोणच्याचे दोन, लिंबाच्या फरकाचा एक, पापडाचे दोन आणि मिरचीचा एक. ओळी मात्र सतरा आहेत. या तीनचा हिशेब लागला पाहिजे. भाजणीचे दोन भाव दोन पिठांना लागू झाले, म्हणून दोन ओळी वाढल्या. लिंबाच्या एका आकड्याच्या दोन ओळी झाल्या, एक वाढली. पापडाचा सत्तरचा भाव दोन प्रकारांना गेला, आणखी एक वाढली. पाच पाकिटांची योजना बाहेर काढली, एक कमी झाली. चौदा अधिक चार उणे एक, सतरा. फरक असा एकेका कारणापर्यंत पोचला नाही तर कुठेतरी ओळ गळली आहे किंवा दुबार झाली आहे. दुबार ओळी शोधायला एक सूत्र पुरते. पदार्थ, प्रकार आणि वजन अनुक्रमे B, C, D रकान्यांत असतील तर उत्तर प्रत्येक ओळीत 1 आले पाहिजे:

```
=COUNTIFS(B:B,B2,C:C,C2,D:D,D2)
```

हे सूत्र चालावे म्हणून ज्याला प्रकार नाही तिथे चौकट रिकामी न ठेवता आडवी रेघ लिहिली आहे. रिकाम्या चौकटीशी तुलना करताना हे सूत्र घोटाळते.

दुसरी तपासणी भावाची आहे आणि ती परिच्छेदात कधीच होऊ शकत नाही. किंमत F मध्ये असेल तर शंभर ग्रॅमचा दर असा काढता येतो:

```
=F2/D2*100
```

कांदा-लसूण मसाल्याचा दर ६८, ६६, ६४ असा उतरत जातो. मोठे पाकीट घेणाऱ्याला थोडे स्वस्त पडावे हा रिवाजच आहे. कैरीचे लोणचे ४४ वरून ४० वर येते, लिंबाचे ४८ वरून ४२ वर, भाजणी २४ वरून २३ वर. गोड्या मसाल्याचा दर मात्र ९०, ८४ आणि मग एकदम ८८ होतो. पाव किलोची दोन पाकिटे ४२० ला येतात आणि अर्ध्या किलोचे एक ४४० ला. असे भाव कोणी मुद्दाम ठेवत नाही. बहुधा ४०० लिहिताना एक चार जास्त पडला असावा. ४०० धरले तर दर ८० येतो आणि उतरण जुळते. पण जुळते म्हणून तक्त्यात परस्पर दुरुस्ती करू नये. खरा भाव ४१० ही असू शकतो. शेऱ्यात ‘तपासणे’ लिहून मालकाला विचारावे. हा दर वजन चुकले तरी ओरडतो. २५० ऐवजी २५ पडले असते तर मसाल्याचा दर शंभर ग्रॅमला ६८० दिसला असता.

बंद पाकिटावर हा दर छापण्याचीही तरतूद आहे. २०११ च्या बंद वस्तूंच्या वैधमापन नियमांत कमाल किरकोळ किमतीबरोबर एककाचा दरही मागितला जातो, किलोपेक्षा कमी वजनाला ग्रॅममागे आणि जास्त वजनाला किलोमागे. त्यामुळे तपासणीसाठी काढलेला रकाना पुढे लेबल छापतानाही कामी येतो. फक्त शंभरने गुणायचे नाही. आणि वजन निव्वळ हवे, बरणीसकट नव्हे. लोणच्याच्या यादीत ‘५०० ची बरणी’ असे लिहिलेले असेल तर ते बरणीत मावणारे माप आहे की आतल्या लोणच्याचे वजन, हे विचारून घ्यावे लागते.

तिसरी तपासणी सगळ्यांत सोपी. तक्त्याची एक प्रत काढायची, ती किमतीच्या क्रमाने लावायची आणि मधलीच कुठलीही ओळ वाचायची. ‘लोणचे, लिंबू, ५०० ग्रॅम, बरणी, २१०’ हे वाचून काय विकायचे ते कळते, म्हणजे ती ओळ पुरी आहे. वर किंवा खाली पाहावे लागले तर तिच्यात अजून काहीतरी परिच्छेदातलेच उरले आहे.

तक्त्याबाहेर काढलेल्या दोन गोष्टींनाही जागा द्यावी लागते. पापडाची सूट आणि कुरिअरची सवलत वेगळ्या लहान पानावर लिहितात, आणि तिथे शब्द नेमके लागतात. ‘१ किलोवर’ म्हणजे बरोबर एक किलो घेतले तर सवलत मिळते की त्याहून अधिक घेतल्यावर? किलो एकाच पदार्थाचा हवा की सगळ्या मालाचा मिळून? पापडाच्या पाच पाकिटांचा बरोबर एक किलो होतो, त्यामुळे हे प्रश्न पहिल्याच आठवड्यात कोणीतरी विचारणार.

त्या पानाजवळच यादी कोणत्या तारखेपासून लागू आहे तेही लिहितात. मिरची महागली की भाव बदलतो, आणि जुनी किंमत पुसून नवी टाकली तर मागच्या महिन्याचे बिल पडताळता येत नाही. त्यासाठी काही जण किमतीच्या रकान्याशेजारी ‘पासून’ असा तारखेचा रकाना ठेवतात आणि जुनी ओळ तशीच राहू देऊन खाली नवी जोडतात. तसे केले तर वरचे दुबार शोधणारे सूत्र त्या ओळींना दोनदा मोजेल. मग तारखेचा रकानाही त्यात घ्यावा लागतो.

व्हॉट्सॲपवरचा परिच्छेद यानंतरही लागतोच, कारण गिऱ्हाइकाला सतरा ओळी नको असतात. आता तो तक्त्यावरून लिहितात: पदार्थाचे नाव एकदा, पुढे मापे आणि भाव लहानापासून मोठ्याकडे, शेवटी योजना. लिंबाच्या लोणच्याचे ‘१० रु. जास्त’ त्यात पुन्हा आले तरी हरकत नाही, कारण बिल करणारा १२० आणि २१० हे आकडे तक्त्यातूनच घेतो.